बिजागरीला तडा आहे, असं आधीच लिहून विकलेला लॅपटॉप

प्रश्न: फायनल इयरला आहे, कोल्हापुरात हॉस्टेलवर राहतो. महिन्याभरात रूम सोडायची आहे. जुनी पुस्तकं आणि लॅपटॉप कुठे विकू? लॅपटॉपमधले दोष आधीच सांगितले तर कुणी घेईल का?

कुठे विकायचं ते पटकन सांगतो. मेसच्या बोर्डावर कागद लावा आणि ज्युनियरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. दुकानात गेलात तर दुकानदार स्वतःचा नफा आधी बाजूला काढून मगच भाव सांगणार. झालं एवढंच. तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि मला गप्प बसवेना, म्हणून पुढचं लिहितोय.

2019 ला मी मेकॅनिकलला आलो तेव्हा गावाकडं उसाचं पहिलं बिल जमा झालं होतं. त्यातले चौदा हजार घेऊन मी एका सिनियरचा लॅपटॉप घेतला. "बॅटरी चार तास जाते, मशीन एकदम ओके" असं तो म्हणाला होता. तेरा दिवसांनी झाकण उघडताना कट्‌ असा आवाज आला आणि स्क्रीन एका बाजूनं सुटून हातात आली. आत बघितलं तर बिजागरीचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसतात त्या आधीच तुटलेल्या, आणि फेविक्विक ओतून बसवलेल्या. बॅटरी पन्नास मिनिटं. सिनियर म्हणाला, "तू बघूनच घेतलास की." घरी वडिलांनीही तेच विचारलं, "बघून घेतलास न्हवं?" सिनियरच्या बोलण्याचा राग आला. वडिलांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

पुढं लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन लेक्चरसाठी शेहेचाळीस हजारांचा नवीन लॅपटॉप घ्यावा लागला. 2023 च्या एप्रिलमध्ये मी विकायला काढला तो हाच. नोकरीच्या ठिकाणी कंपनीचा मिळणार होता, आणि डिपॉझिट भरायला पैसे हवे होते.

माझा रूम पार्टनरही त्याच आठवड्यात त्याचा विकत होता. त्याचं म्हणणं साधं होतं. "काय लिहायचं नाही भावा. आल्यावर बघतील. बघितलं तर कमी करायचं, नाही बघितलं तर आपलं नशीब." वर सल्ला असा की सॉलिडवर्क्स टाकून देतो म्हणून लिही, दोन हजार जास्त येतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. मी म्हटलं, ज्याचं लायसन माझं नाही ते मी कसं विकू? तो दोन दिवस मला "गांधीजी" म्हणत होता.

मी काय केलं ते नीट सांगतो. बॅटरी "ठीक आहे" हा शब्दच मी वापरला नाही. साधी कमांड विंडो उघडून हे टाइप केलं:

```
powercfg /batteryreport
```

त्यातून battery-report.html नावाची फाईल तयार होते. विंडो तुमच्या नेहमीच्या युजरनं उघडली असेल तर ती तुमच्याच फोल्डरमध्ये सापडते. अ‍ॅडमिन म्हणून उघडली तर System32 मध्ये जाऊन बसते, आणि माणूस डेस्कटॉपवर शोधत राहतो. फाईलमध्ये दोन आकडे बघायचे, DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY. माझे होते 41,000 आणि 24,600 मिलीवॅट-अवर, म्हणजे साठ टक्के उरलेली. दोन वर्षं लेक्चरसाठी सतत चार्जर लावून, गादीवर ठेवून, गरम करत वापरला त्याचं हे फळ. कायम शंभर टक्के चार्ज आणि वर उष्णता, यात लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते.

पण त्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. मशीन महिनोन्‌महिने चार्जरवरच असेल तर त्याचा स्वतःचा अंदाज चुकलेला असू शकतो. म्हणून मी पूर्ण चार्ज केला, वायफाय चालू, उजेड निम्मा, आणि एक व्हिडिओ सलग लावून ठेवला. दहा टक्क्यांवर यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. जाहिरातीत मी ही वेळ लिहिली. पहिल्या वर्षाच्या मुलाला मिलीवॅट-अवर घेऊन काय करायचंय?

उजव्या बिजागरीपाशी बोटाच्या पेराएवढा तडा होता. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची माझी सवय, त्यानंच गेला. त्याच्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला, म्हणजे तडा केवढा ते कळतं. N चं बटण जरा जोरात दाबावं लागायचं, तेही लिहिलं. फोटोत बिलावरचा पत्ता आणि सिरियल नंबर झाकला. ते समोर आलेल्या माणसाला दाखवायचे, ग्रुपवर टाकायचे नाहीत.

आता किंमत. तशाच लॅपटॉपला तेव्हा आमच्याकडं चोवीस हजारांपर्यंत मागत होते. राजारामपुरीत बॅटरीचं विचारलं तर बसवून अठ्ठावीसशे, बिजागरीचं काम बाराशे. दोन्ही वजा केले, वीस हजार उरले. बोर्डावर हा हिशेबच लिहिला आणि खाली "यातून कमी होणार नाही, कारण कमी करून झालंय" असं लिहिलं. या ओळीवर हॉस्टेलमध्ये लई हसले.

पहिले चार दिवस एकही फोन नाही. पार्टनर खूष. त्याच्याकडं रोज दोघे-तिघे यायचे, चहा व्हायचा, घासाघीस व्हायची, "विचार करून सांगतो" म्हणून जायचे. पाचव्या दिवशी गडहिंग्लजहून एक मुलगी आणि तिचे वडील आले. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी बोर्डाच्या कागदाचा फोटो फोनमध्ये उघडून ठेवला आणि एकेक ओळ वाचत मशीन तपासलं. तडा बघितला, N दाबलं, चार्जर काढून घड्याळ लावलं. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि डाव्या बाजूच्या पोर्टात घातला. तो बसेना. ढिला. जरा हललं की कनेक्शन तुटायचं.

हे मी लिहिलेलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. माउस मी कायम उजवीकडं लावायचो, डावीकडं तीन वर्षांत काही घातलंच नसेल. माझं तोंड उतरलं. 2019 चा मी त्यांच्या जागी असतो तर काय म्हटलं असतं ते मला पाठ होतं.

मी म्हटलं, "काका, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. पाचशे कमी करतो."

ते पेन ड्राइव्ह पुसत म्हणाले, "मशिनीचं असंच असतंय पोरा. जे वापरत न्हाई ते बिघडल्यालं कळत न्हाई. बाकीचं लिवलंयस, हेच तेवढं लपवून तुला काय मिळणार हाय?" साडेएकोणीस हजार तिथंच दिले. तासाभरात व्यवहार संपला, चहासुद्धा त्यांनीच पाजला.

म्हणून सांगतो, दोष लिहिले की घासाघीस जाहिरातीतच उरकते. येणारा माणूस दोष शोधायला येत नाही, लिहिलेलं खरं आहे का ते बघायला येतो. आणि एखादी गोष्ट तुमच्याही नजरेतून सुटली असेल तर तिला लबाडी समजलं जात नाही. माझ्यासारखं करू नका मात्र, जाहिरात लिहायच्या आधी प्रत्येक पोर्टात काहीतरी घालून बघा. कॅमेरा, माइक, हेडफोनचं भोकही.

पुस्तकांचंही तसंच, फक्त तिथं दोष म्हणजे सिलॅबस. तुमच्या मागच्या बॅचला पॅटर्न बदलला असेल तर पुस्तक कितीही कोरं असो, तो दोषच, आणि तो पहिल्या ओळीत लिहायचा. माझी चार पुस्तकं जुन्या पॅटर्नची निघाली, ती सरळ रद्दीत घातली. चालू पॅटर्नची छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्शात गेली. सगळ्यात आधी गेलं डिझाईन डेटा बुक, कारण ते परीक्षेत नेता येतं. पण माझ्यात समासात पेन्सिलनं सूत्रं लिहिलेली होती, आणि तसं पुस्तक सुपरवायझर हॉलमध्ये काढून घेतो. दोन संध्याकाळी बसून खोडरबरनं पुसलं. तीन पानांवर पेननं लिहिलेलं होतं, त्या पानांचे नंबर जाहिरातीत दिले. घेणाऱ्यानं ती पानं आधी सरांना दाखवली, सरांनी चालेल म्हटलं. पेननं लिहू नका हो डेटा बुकात, एवढं तरी ऐका.

वेळेचं राहिलंच. मे उजाडला की ज्युनियर पेपर देऊन गावाला पळतात, मग बोर्ड वाचायला वॉचमन सोडून कुणी नसतो. सबमिशनच्या आधीच कागद लावा. पुस्तकं उरलीच तर विश्वासातल्या ज्युनियरकडं ठेवा, नवीन सेमिस्टर सुरू झालं की जातात.

लॅपटॉप देण्याआधी सेटिंग्जमधल्या Reset this PC मध्ये Remove everything घ्या आणि त्यातच ड्राइव्ह साफ करायचा पर्याय चालू करा. नुसत्या फाईली डिलीट करून देऊ नका. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. पैसे घेताना कुणी क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या, पैसे यायला पिन लागत नाही.

आता पार्टनरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो मला फोन करील. त्याचा लॅपटॉप माझ्यासारखाच होता, बॅटरी तर त्याची जास्तच गेलेली, आणि तो एकवीस हजार पाचशेला गेला. घेणारा परत आला नाही, भांडला नाही. म्हणजे दोन हजार मी घालवले, हे त्याचं म्हणणं हिशेबानं बरोबर आहे. आणि मदरबोर्डच गेलेला असेल तर कितीही खरं लिहा, भंगाराचाच भाव येईल. तसला लॅपटॉप दुकानात सुट्या भागांसाठी द्या.

फक्त पार्टनरनं एक सांगितलं नव्हतं, ते मला नंतर कळलं. व्यवहार झाला त्या दिवशी त्यानं सिम बदललं होतं. माझा नंबर अजून तोच आहे. जूनमध्ये त्या मुलीचा मेसेज आला होता, "दादा, बॅटरी सव्वीसशेत बसली, तुम्ही अठ्ठावीसशे लिहिले होते." मी दोनशे परत पाठवायला लागलो तर तिनं घेतले नाहीत.