वीस सोसायट्या नकोत, चारच धर

अरे,

गावची भाजी थेट मुंबईच्या सोसायट्यांत विकायचा तुझा प्लॅन वाचला, दोनदा वाचला. बोरिवलीपासून चेंबूरपर्यंत वीस सोसायट्या, लोगो, पत्रकं, स्वतःचं ॲप, आणि शेवटच्या पानावर टेम्पोचा खर्च एका ओळीत. तुझ्या वयाची असताना मीही असंच केलं असतं, केलंच म्हण ना, नऊ सोसायट्या घेऊन बसलेले आणि तिसऱ्या शनिवारी रात्री नऊ वाजता मुलुंड स्टेशनबाहेर फ्लॉवरचे अकरा क्रेट घेऊन उभी होते, एका भाजीवाल्याने ते मिळेल त्या भावाने उचलले आणि वर मला चहा पाजला. म्हणून या पत्रात लोगोबद्दल काही नाही, उरलेल्या मालाबद्दल आहे.

आधी कागद घे. तुमची शेतकरी कंपनी नारायणगावची, म्हणजे आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण करत रात्री एक-दीडला निघालेली पिकअप सहा-साडेसहाला मुलुंडला येते. गाडीत हजार किलो माल धर. शेतकऱ्याला सरासरी किलोला २५ दिलेत तर २५,००० झाले. गाडीभाडं डिझेल-टोलसकट ७,०००, दोन पोरं १,४०० आणि त्यांचं खाणंपिणं ३००, गावाकडे प्रतवारी-पॅकिंगची मजुरी १,५००, पिशव्या आणि क्रेट ८००, सोसायट्यांना जागेचे मिळून १,५००. खर्च १२,५००. आकडे मी अंदाजाने धरलेत, तुझे खरे टाकून बघ, पण गणित असंच चालतं. आता हजार किलोतले ८० किलो प्रतवारीत, सुकण्यात आणि वजनात जातात, राहिले ९२०. सरासरी ४५ ने सगळं विकलं तर ४१,४०० येतात आणि हातात ३,९०० उरतात. बरं वाटलं ना? आता यातला फक्त १५ टक्के माल, म्हणजे १३८ किलो, उरला आणि तो १५ रुपयाने फुकून टाकावा लागला असं धर. ३५,१९० अधिक २,०७० म्हणजे ३७,२६०. खर्च ३७,५००. दिवसभर राबून २४० रुपये खिशातून गेले, आणि सोसायटीतला प्रत्येक जण तुला म्हणतोय की वा, काय ताजी भाजी आहे!

म्हणून भाव वाढवण्यापेक्षा, सोसायट्या वाढवण्यापेक्षा उरणारा माल कमी करणं हेच तुझं मार्केटिंग आहे. त्याचा उपाय एकच, आधी ऑर्डर मग तोडा. बुधवारी संध्याकाळी भावासकट यादी व्हॉट्सॲपवर जाते, गुरुवारी रात्री नऊला ऑर्डर बंद, शुक्रवारी सकाळी कोणी किती तोडायचं ते सभासदांना कळतं, दुपारी प्रतवारी, रात्री गाडी. स्टॉल लावून उभं राहायचंच नाही असं नाही, पण स्टॉलवरचा मोकळा माल ऑर्डरच्या दहा टक्क्यांच्या वर नेऊ नकोस, आणि तोही टिकणारा, कांदा, काकडी, भोपळा असला. मेथी-कोथिंबीर मोकळी आणलीस तर अकरा वाजता तिची मान पडलेली असते आणि मग गिऱ्हाईक ती जुडी बघून बाकीची भाजीही शिळी समजतं.

ॲप सध्या राहू दे. यादीचा मेसेज, एक फॉर्म आणि कंपनीच्या नावाचा क्यूआर कोड एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. क्यूआर कंपनीच्याच खात्याचा हवा बरं का, ड्रायव्हरच्या किंवा तुझ्या स्वतःच्या नको, नाहीतर मार्चमध्ये हिशेब जुळवताना आणि सभासदांना तोंड देताना रडशील.

आता चार सोसायट्या का ते सांगते. एक घर आठवड्याला सहा किलोच्या आसपास घेतं असं धरलं तर ९२० किलोला साधारण दीडशे घरं लागतात. दोनशे घरांच्या सोसायटीतून चाळीस घरं दर आठवड्याला घेणारी निघाली की मी खूष असते, म्हणजे चार सोसायट्या पुरल्या. पण त्या चारही दोन किलोमीटरच्या आत हव्यात, सगळ्या मुलुंडलाच समज. बोरिवली आणि चेंबूर एकाच सकाळी करायला गेलास तर गाडी ट्रॅफिकमध्ये आणि भाजी उन्हात. आणि गाडी रस्त्यावर लावून विकायची नाही, सोसायटीच्या आतच, नाहीतर पालिकेची गाडी माल उचलून नेईल आणि शेजारचा भाजीवाला पहिला फोन करणारा असेल, त्याचंही पोट आहे.

सोसायटीत शिरायचं कसं, हे तुझ्या प्लॅनमध्ये "सेक्रेटरीला भेटणे" एवढंच आहे. सेक्रेटरी गिऱ्हाईक नाही रे, त्याला कटकट नको असते एवढंच. आधी आत राहणारं एक माणूस शोध, जिचा शब्द बिल्डिंगच्या ग्रुपवर चालतो अशी एखादी काकू किंवा रिटायर्ड काका. त्यांनी ग्रुपवर टाकून पन्नास घरांची नावं गोळा केली की ती यादी घेऊन कमिटीकडे जा. कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज दे, फक्त सहा शनिवारांची ट्रायल माग, सात ते साडेआठ अशी वेळ लिही, आणि जागा झाडून जाऊ हे लिहून दे. सोबत कंपनी नोंदणीचा कागद, एफएसएसएआयची नोंदणी आणि काट्याच्या स्टॅम्पिंगचं सर्टिफिकेट जोड, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते हे विसरू नकोस. कोणी विचारलंच की बाजार समितीचं लायसन कुठंय, तर २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केलाय एवढं सांग. आणि वॉचमनला पहिल्या दिवशी एक पिशवी भाजी दे, यात लाच वगैरे काही नाही, त्यालाही घर आहे.

दुसरी गोष्ट, यादीत काय. तुमच्याकडे टोमॅटो, कांदा, फ्लॉवर, कोबी, भेंडी, गवार, मेथी, कोथिंबीर असं सात-आठ प्रकारचं निघतं. पण ज्या बाईला आलं, लिंबू, हिरवी मिरची, कढीपत्ता तुझ्याकडे मिळत नाही ती त्यासाठी खाली भाजीवाल्याकडे जाणारच, आणि गेली की भेंडीही तिथेच घेणार. हे चार पदार्थ पैशाने किरकोळ आहेत पण ऑर्डर त्यांच्यावर टिकते. तुमच्याकडे नसतील तर दुसऱ्या शेतकरी कंपनीकडून घे आणि यादीत स्पष्ट लिही की हे आमच्या सभासदांचं नाही. लपवलंस आणि उद्या कोणी विचारलं की नारायणगावला लिंबू कधीपासून, तर बाकीच्या मालावरचाही विश्वास गेला.

आणि मुंबईचं कॅलेंडर शीक, गावाकडच्या पीकपेऱ्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. मुलुंडला गुजराती-जैन वस्ती भरपूर. अशा बिल्डिंगमध्ये बऱ्याच घरी कांदा-बटाटा बारा महिने चालत नाही आणि चातुर्मासात पालेभाजीही बंद होते, तिथे पावसाळ्यात मेथीच्या दोनशे जुड्या नेल्यास तर तशाच परत आणशील, दुधी, काकडी, दोडका ने. मराठी घरांत श्रावणात कांदा-लसूण कमी होतं पण भाज्या वाढतात, गणपतीत ऋषीपंचमीच्या भाजीला अळू, सुरण, मका, भेंडी लागते आणि पितृपक्षात गवार, कारलं, भोपळा. पण त्याच गणपतीत निम्मी बिल्डिंग कोकणात गेलेली असते, आणि मे महिन्यात तर कुलूपंच दिसतात, तेव्हा त्या आठवड्यांना गाडी छोटी कर किंवा सरळ सुट्टी जाहीर कर. आधी सांगून घेतलेली सुट्टी लोक माफ करतात, न सांगता चुकलेला शनिवार नाही. माळशेजला दरड पडून रस्ता बंद झाला तर चाकण-तळेगाववरून एक्स्प्रेसवेने ये, पण ग्रुपवर पहाटे पाचला मेसेज टाक की दोन तास उशीर आहे.

आता खरं दुखणं, आणि ते मुंबईत नाहीये, तुमच्या गावातच आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो मुंबईत शंभरच्या वर गेला होता, आठवतंय ना. अशा वेळी तुला शुक्रवारी द्यायचा कबूल केलेला माल सभासद गुरुवारीच नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला घालून मोकळा होतो, आणि त्याला मी दोष देणार नाही, वर्षभर मातीमोल भावाने विकल्यावर एकदाच पैसा दिसतो. पण चाळीस घरांच्या ऑर्डरीत टोमॅटो नाही हे तुला सांगावं लागतं. याला भाषणाने काही होत नाही, भावाचा नियम आधी ठरवून लिहून ठेव. एक साधा नियम असा, गुरुवारच्या बाजारभावावर किलोला दोन रुपये जास्त, आणि भाव कितीही पडला तरी अमुक एका किमतीपेक्षा कमी भाव कंपनी देणार नाही. म्हणजे तेजीत त्याला मार्केटला जायचं कारण राहत नाही आणि मंदीत कंपनीत असण्याचा फायदा दिसतो. तळाची किंमत ठरवताना हात आखडता ठेव मात्र, कारण त्या किमतीने फक्त ऑर्डर असलेलाच माल घ्यायचा, सगळं रान नाही. हे पहिल्याच मीटिंगला सांग, नाहीतर टोमॅटो पाच रुपये झाला की चाळीस क्रेट तुझ्या दारात येतील.

गिऱ्हाइकाचा भावही मग हलणार. हलू दे. खालच्या भाजीवाल्याच्या आसपास राहा, दर वेळी त्याच्यापेक्षा स्वस्त व्हायला जाऊ नकोस, त्याचा खर्च तुझ्यापेक्षा कमी आहे. तू वजनात जिंक. अर्धा किलो म्हणजे काट्यावर ५२० दाखव, घरी किचनमधल्या काट्यावर मोजणाऱ्या बायका प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन तरी असतात आणि त्याच ग्रुपवर लिहितात. खराब निघालेल्या मालाचा फोटो आला की वाद घालायचा नाही, पुढच्या शनिवारी तेवढे पैसे वळते. फक्त वहीत लिही की तो माल कोणाच्या शेतातला होता, तीन वेळा एकच नाव आलं की तिकडे प्रतवारीला स्वतः जाऊन उभा राहा.

चाललंय की नाही हे ग्रुपमधल्या मेंबरांवरून ठरवू नकोस, तीनशे मेंबर असतात आणि ऑर्डर बावीस. पहिल्या शनिवारी ज्यांनी घेतलं त्यातल्या किती जणांनी चौथ्या शनिवारी परत घेतलं, तेवढंच बघ. चाळीसपैकी पंचवीस परत आले तर पाचवी सोसायटी शोध. पंधराच आले तर नवीन पत्रकं छापू नकोस, जे पंचवीस गेले त्यांना एकेकाला फोन कर, भाव हे कारण फार थोडे देतात, बहुतेक जण सांगतील की वेळेवर आला नाहीत किंवा अर्धी यादी "संपलं" होती.

प्लॅन परत लिहून पाठव, दोन पानांत, आणि पहिल्या पानावर लोगो नको, टेम्पोचा हिशेब हवा. चारपैकी एक बिल्डिंग आमची घे, कमिटीतल्या लोकांना मी ओळखते, पण पन्नास नावं तूच गोळा करायचीस.

तुझी ताई
मुलुंड