चार महिने, एक कोरं प्रकरण आणि ‘शब्द फिरव’ म्हणणारे लोक

“मॅडम, प्रबंध जमा करायला चारच महिने राहिलेत आणि दुसरं प्रकरण अजून कोरं आहे. सगळे म्हणतात, चार जुन्या प्रबंधांतून उचल आणि शब्द फिरव. मला तसं करायचं नाही, पण आता दुसरं काय करणार?”

मुदत जवळ आली की माझ्याकडे येणारे पीएच.डी.चे विद्यार्थी साधारण याच सुरात बोलतात. त्यांच्यात आळशी मला फार थोडे भेटले. बहुतेक जण नोकरी, घर आणि संशोधन असं तिन्हीकडे ओढले गेलेले असतात. सुजाता (नाव बदललं आहे) त्यांतलीच. सोलापूरच्या पूर्व भागात लहानाची मोठी झाली, वडिलांचे यंत्रमाग, आई वर्षानुवर्षं बिड्या वळायची. स्वतः तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते, घरी पाच वर्षांचा मुलगा. विषय: बिडी कामगार महिलांची बचत. मुलाखती झालेल्या, तक्ते तयार. अडलं होतं ते संदर्भ साहित्याच्या आढाव्यावर, आणि शेवटचं निष्कर्षाचं प्रकरणही बाकी होतं.

“चार दिवस सुट्टी काढली की आढावा होईल ना?” तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, तिच्या वडिलांचा विषय काढला. चादरींची ऑर्डर घेताना ते तारीख कशी देतात?

तिने लगेच सांगितलं. माग दिवसाला किती काढतो ते त्यांना माहीत असतं. त्यात बीम भरायचे दिवस, लाईट जाण्याचे तास, शिलाई आणि पॅकिंग धरायचं, मग तारीख बोलायची. “पार्टी कितीही घाई करू दे, अप्पा आधी मागाचं बघतात.”

“मग तुझा माग तासाला किती काढतो?”

तिला माहीत नव्हतं. सहा वर्षं संशोधन करणाऱ्या माणसाला आपला लिहिण्याचा वेग माहीत नसतो, हे मी आता गृहीतच धरते. तीन संध्याकाळी घड्याळ लावून लिहायला सांगितलं. एका तासात 180, 240 आणि 190 शब्द झाले. म्हणजे धरून चालायचे दोनशे. तिच्या मनातला आढावा दहा हजार शब्दांचा होता. नुसत्या पहिल्या खर्ड्यालाच पन्नास तास लागणार होते, आणि ती चार दिवस म्हणत होती.

मग आम्ही कॅलेंडर उलटं वाचलं. हातात सतरा आठवडे. शेवटचे तीन सादरीकरण, विद्यापीठाची साम्य-तपासणी, छपाई आणि बाइंडिंग यांत जाणार. त्याआधी गाईडना वाचायला दोन आणि त्यांच्या दुरुस्त्यांना दोन. उरले दहा. आठवड्यात तीन दिवस पहाटे पाच ते सात आणि रविवारचे चार तास, म्हणजे दहा तास. एकूण शंभर. आढाव्याचा खर्डा पन्नास, राहिलेलं वाचन तीस, निष्कर्षाचे चार हजार शब्द वीस. बेरीज बरोबर शंभर आली.

तिचा चेहरा खुलला. मी मात्र म्हटलं, हे वेळापत्रक पहिल्याच तापाला कोलमडेल. मुलाला ताप आला, कॉलेजची परीक्षा लागली, की दोन आठवडे गेले. जिथे सवड शून्य असते, तिथेच रात्री अकरा वाजता दुसऱ्याचा प्रबंध उघडला जातो. म्हणून आढावा सात हजारांवर आणला. पंधरा तास सुटले, ते कुठेही न लावता मोकळे ठेवले. ती हळहळली, “पण गाईड म्हणतील वरवरचा झालाय.” आढाव्याचं वजन शब्दांवर ठरत नाही, हे मी तिला सांगून पटलं नसतं. ते तिला स्वतःलाच दिसलं, पुढच्या भेटीत.

त्या दिवशी तिने लॅपटॉप उघडून नोट्सची फाइल दाखवली. नव्वद पानं. काही परिच्छेद वेगळ्या फाँटमध्ये, काहींच्या मागे वेबपानावरून आलेला करडा पट्टा तसाच. पृष्ठक्रमांक क्वचित कुठे. मी विचारलं, यातलं तुझं वाक्य कोणतं? ती स्क्रोल करत राहिली. एका ठिकाणी थांबली, पुन्हा पुढे गेली. मग म्हणाली, “मला नाही सांगता येत.”

चोरी बहुतेक वेळा अशीच होते. ठरवून कोणी करत नाही. वर्षापूर्वी घाईत चिकटवलेला परिच्छेद वर्षानंतर आपलाच वाटायला लागतो.

मी लॅपटॉप बंद केला. “तू वाचलेला एखादा अभ्यास मला सांग. न बघता.”

ती चाचरत सुरू झाली. मग एकदम म्हणाली, “पण मॅडम, त्यांनी फक्त बिडी कामगाराचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड असलेल्या बायका घेतल्यात. माझ्या मुलाखतींतल्या निम्म्या बायकांकडे कार्डच नाही. दुसऱ्याच्या नावावर बिड्या देतात. त्यांची बचत त्या अभ्यासात येणारच कशी?”

“हेच लिही.”

“हे? हे तर साधं बोलणं झालं.”

या क्षणासाठी मी हे काम करते, असं म्हटलं तरी चालेल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे. त्यामुळे मी मुदतीकडे कमी आणि मुदतीबद्दल माणूस स्वतःशी काय बोलतो त्याकडे जास्त बघते. सुजाताचं वाक्य होतं, ‘माझं लेखन विद्वानासारखंच वाटलं पाहिजे.’ त्या ‘च’मुळे तिला स्वतःचं प्रत्येक वाक्य पोरकट वाटे आणि छापलेलं प्रत्येक वाक्य हवंसं. कोणी काय पाहिलं, काय सुटलं आणि ते माझ्या अभ्यासात कसं येतं, एवढंच आढाव्याला लागतं. ते तिच्याकडे होतं.

तिथून पद्धत ठरली. अभ्यास वाचायचा, बंद करायचा, आठवून पाच-सहा ओळी लिहायच्या, मग उघडून आकडे आणि नावं ताडायची. मूळ वाक्य हवंच असेल तर त्याच क्षणी अवतरणचिन्ह आणि पृष्ठक्रमांक. जुनी नव्वद पानं फक्त संदर्भ शोधायला ठेवली, त्यांतून एक ओळही उचलायची नाही.

शब्द फिरवण्याचा सल्ला देणाऱ्यांना वेळेचा हिशोबही येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपुढे आणि 40पर्यंत निघालं, तर सहा महिन्यांपर्यंतच्या ठरावीक मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. 40 ते 60मध्ये वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही, आणि 60च्या वर नोंदणीच रद्द. शिवाय दहाच्या आतला आकडा म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. फिरवलेले शब्द किंवा इंग्रजीतून नाव न देता केलेलं भाषांतर सॉफ्टवेअरला कदाचित दिसणार नाही, पण परीक्षकाला दिसू शकतं. आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की कोणीही, कधीही ताडून बघू शकतं.

सुजाताच्या राखीव पंधरा तासांतले अकरा मुलाच्या तापात गेले. गाईडनी आढाव्यावर बऱ्याच लाल खुणा केल्या, पण कार्डाचा मुद्दा वाढवायला सांगितला. प्रबंध मुदतीत गेला.

प्रत्येकाची बेरीज अशी जुळत नाही. तीन आठवडे उरलेले असताना दोन प्रकरणं कोरी घेऊन कोणी आलं, तर मी वेळापत्रक काढतच नाही. आधी लिहिण्याचा वेग मोजायला लावते आणि तो आकडा घेऊन गाईडकडे पाठवते. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी गेला पाहिजे, आणि त्यात ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहिण्यापेक्षा किती शब्द बाकी आहेत, आठवड्याला किती तास मिळतात आणि कोणतं प्रकरण कोणत्या तारखेला देणार, हे लिहावं. असा अर्ज वाचणाऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं.