व्हायरल व्हिडिओ जुना आहे का, कसं ओळखायचं?

प्रश्न: व्हॉट्सॲपवर त्सुनामीचा व्हिडिओ आलाय, 'आत्ताचा' म्हणून. जुना आहे की दुसरीकडचा, कसं कळेल?

उत्तर: कॉम्प्युटरवर क्रोममध्ये InVID-WeVerify हे एक्स्टेन्शन टाका आणि 'Keyframes' मध्ये व्हिडिओ द्या. ते दृश्य बदलतं तिथल्या फ्रेम काढून देतं. मोबाइल असेल तर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या.

खरी मेख फ्रेम निवडण्यात आहे. नुसतं पाणी किंवा पळणारी माणसं असलेली फ्रेम निरुपयोगी, कारण तशी चित्रं ढिगाने सापडतात. जागचं न हलणारं काही तरी हवं: पाटी, पूल, डोंगराची कड. वर चिकटवलेला मजकूर कापून टाका, मग गूगल लेन्सवर शोधा. तिथे हाती लागलं नाही तर यान्डेक्स या रशियन सर्च इंजिनवर. टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या साइटवर सगळ्यात जुना निकाल आधी लावता येतो.

उदाहरणार्थ, काळं पाणी भिंतीवरून उलटून गाड्या-होड्या वाहून नेतंय, असा व्हिडिओ असेल तर जपानचं मियाको तपासा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीतली ही दृश्यं प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर हमखास फिरतात. पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली तर व्हिडिओ आरशासारखा फिरवलाय. फ्रेम पुन्हा सुलटी करून शोधा.

निकालातली तारीख त्या पानाची असते, चित्रीकरणाची नव्हे. पान उघडून बघाच. सांगितलेल्या घटनेआधीचा एक जरी अपलोड सापडला, तरी दावा खोटा. काहीच सापडलं नाही, तर मात्र व्हिडिओ नवा असं ठरत नाही.