ते भाषण परत घ्या

‘मुलगी डी.एल.एड. झाली, टीईटीचा पहिला पेपर पास आहे. विट्याजवळच्या एका शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. त्यांच्या जागी सोमवारपासून तिला चौथीचा वर्ग मिळालाय. पहिल्याच दिवशी दरारा बसावा म्हणून मी भाषण लिहून दिलंय, रोज पाठ करून घेतो. तरी ती घाबरते. हिला ही नोकरी झेपेल का?’
– एक पालक, सांगली जिल्हा

ते भाषण आजच परत घ्या. मुलगी वर्गाला घाबरते असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, पाठ केलेलं विसरलं तर घरी काय सांगायचं, याचीच तिला धास्ती आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहताना तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्यांवर हवं.

पहिल्या दिवशी डोळे वटारले की वर्ग कायमचा हातात येतो, हा समज बदली शिक्षिकेच्या बाबतीत हमखास उलटा पडतो. त्या मुलांच्या बाई अचानक दिसेनाशा झाल्यात. कुठं गेल्या, परत येणार का, हे बहुतेकदा कुणी त्यांना नीट सांगितलेलंच नसतं. त्यात नवीन माणूस येऊन नियम ऐकवायला लागला की मुलं गप्प बसतात आणि थोड्या वेळानं मागून आवाज येतो, ‘आमच्या बाई असं नाही करत.’ तिथं दटावलं की जुन्या बाई विरुद्ध नव्या बाई सुरू झालंच म्हणून समजा. ‘मग त्या कसं करायच्या, फळ्यावर दाखव बरं,’ असं म्हटलं की बहुधा तेच मूल मदतीला येतं.

मुलं ‘नमस्ते’ म्हणून उभी राहतील. त्यांना बसवून तिनं फळ्यावर आपलं नाव लिहावं आणि एवढंच सांगावं: ‘तुमच्या बाई रजेवर आहेत. त्या येईपर्यंत मी शिकवणार. त्यांनी लावलेल्या सवयी तशाच चालू ठेवू.’ बाळाबद्दल सांगायचं का, हे आधी मुख्याध्यापकांना विचारावं. बाई परत येण्याची तारीख पक्की नसेल तर सांगूच नये, मुलं दिवस मोजत बसतात.

शनिवारीच शाळेत जाऊन तिनं हजेरीपट वाचून घ्यावा. सोमवारी मात्र नावं मुलांच्या तोंडून ऐकावीत आणि कोण कुठं बसलंय ते कागदावर टिपावं. गंमत म्हणून दोघं एकमेकांची नावं सांगतात. वह्या बघताना कव्हरवरचं नाव जागेशी जुळलं नाही की ते लगेच कळतं. वडील काय करतात, हे सगळ्यांदेखत कुणालाच विचारू नये. एखाद्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, एखाद्याचे वडील हयात नसतात. मग पुस्तकातला छोटा उतारा पाळीपाळीनं वाचून घ्यावा. कोण कुठं अडखळतं, ते पहिल्याच तासाला समजेल.

कायम नोकरीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आहेच, तो अभ्यास संध्याकाळी चालू राहू दे.

झेपेल का, याचं उत्तर सोमवारी मिळणार नाही. पंधरा दिवसांनी मुलं अडलेलं विचारायला तिच्याजवळ येतात का, ते तिला विचारा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.