दोन मिनिटांचं स्वगत लिहिताना समोरच्या माणसाला जिवंत ठेवा

प्रश्न: अभिनयाच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी दोन मिनिटांचं, स्वतः लिहिलेलं स्वगत सादर करायचं आहे. वडील गेल्यानंतरच्या मुलाचं लिहिलंय. मनापासून लिहिलंय, पण ऐकणारे म्हणतात की एकसुरी होतं. काय बदलू?

उत्तर:

सगळ्यात आधी संस्थेचं माहितीपत्रक पुन्हा नीट वाचा. काही ठिकाणी प्रकाशित नाटकातलाच उतारा लागतो, काही ठिकाणी दोन वेगळ्या प्रकृतीचे तुकडे मागतात, आणि नियम दरवर्षी बदलू शकतात. स्वतः लिहिलेलं चालतं हे तिथे स्पष्ट दिसलं की पुढचं वाचा.

मी नाट्यशिबिरांतून प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींबरोबर काम करते. वडिलांच्या मृत्यूवरची स्वगतं तिथे खूप येतात आणि बहुतेक एकाच साच्यातली असतात. मुलगा फोटोकडे किंवा आभाळाकडे बघून बोलतो, ‘बाबा, तुम्ही का गेलात’ इथून सुरुवात होते, मग आठवणी येतात, मग हुंदका. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं. तरीही ऐकणारा अर्ध्या मिनिटानंतर बाहेर पडतो, कारण बोलणाऱ्याला मिळण्यासारखं काहीच समोर नसतं. गेलेला माणूस उत्तर देत नाही, नाही म्हणत नाही, उठून जात नाही. त्यामुळे पात्राला डावपेच बदलावा लागत नाही आणि जो सूर पहिल्या वाक्याला लागला तोच शेवटपर्यंत राहतो. तुम्हाला एकसुरी म्हणणारे बहुधा हेच सांगत असावेत. याचं मूळ तुमच्या आवाजात नाही, प्रसंगाच्या रचनेत आहे.

इथे कुणी म्हणेल, गाजलेल्या नाटकांत एवढाली भावनिक स्वगतं आहेतच की. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं लीला बेणारेचं शेवटचं बोलणं प्रवेशाच्या तयारीत हमखास निवडलं जातं. पण ते येतं तेव्हा प्रेक्षकांनी अख्खं नाटकभर त्या बाईला घेरलं जाताना पाहिलेलं असतं. आरोपीला बोलायला दहा सेकंद दिलेली असतात, आणि त्या दहा सेकंदांत ते सगळं उघडं होतं. तुमच्या दोन मिनिटांच्या मागे असं काही नाही. परीक्षकांना तुमच्या पात्राचं नावही माहीत नाही. म्हणून आधीच्या दुःखाचा हवाला देण्याऐवजी आत्ता, या खोलीत काहीतरी घडवावं लागतं.

तुमचा विषय सोडू नका, फक्त प्रसंग हलवा. मी एक करून दाखवते. वडील गेले आहेत. धाकटा भाऊ बहिणीच्या सासरी आला आहे. घर त्याच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून तिची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. आता समोर जिवंत माणूस आहे. मागणी इतकी ठोस आहे की ती मिळाली की नाही हे डोळ्यांना दिसतं. मागायला लाजही वाटते, म्हणजे तो सरळ मुद्द्यावर येणार नाही, आणि ते आडवळण आपोआप अभिनयाला जागा देतं.

यानंतर लगेच स्वगत लिहायला बसू नका. आधी दोघांचा संवाद लिहा, बहिणीच्या वाक्यांसकट. ती कुठे गप्प बसते, कुठे लाटणं जोरात चालवते, कुठे एकच प्रश्न विचारते, ते सगळं कागदावर येऊ द्या. मग तिची वाक्यं खोडा आणि भावाची तेवढी ठेवा. खोडलेली वाक्यं सादर करताना तुमच्या मनात चालूच राहतात, म्हणून थांबे खरे होतात. नाहीतर थांबा म्हणजे नुसतं आकडे मोजणं होतं आणि ते बघणाऱ्याला कळतं.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वळणाचा. पहिल्यांदा सुचतं ते असं की ती नकार देते आणि तो चिडतो. हे चालेल, पण चढत्या रागाशिवाय हाताशी काही उरत नाही. मी उलटं केलं: ती न वाचता, न भांडता सही करायला लागते. त्याला हवं ते मिळतं आणि तेच त्याला सोसत नाही. इथून त्याची मागणीच बदलते. मजकूर असा:

> ताई, चहा नको. खरंच नको, स्टँडवर घेतला. तू बस की जरा. किती पोळ्या लाटणार आहेस? … मागच्या दारचा आंबा यंदा चांगला मोहरलाय. पेटी पाठवतो तुला. दोन पाठवतो. … भाओजी कुठायत? नाही, असंच. बरंच झालं, आपल्या दोघांतच बोलायचं होतं.
>
> हे कागद आहेत. हक्कसोडपत्र म्हणतात. काही नसतं गं त्यात, पद्धत असते नुसती. बँक म्हणते, घर एकाच्या नावावर करा, मग कर्जाचं बघू. आणि कर्ज नाही तर दुकान नाही. तुझ्या लग्नात केलंच की सगळं. … तसं बघू नकोस. मी नाही म्हणत, काका म्हणाले. … बरं, मीच म्हणतोय. आई माझ्याजवळ आहे. तिची औषधं मी आणतो. कौलं मी शाकारली. तू वर्षातनं दोनदा येतेस, पाहुणी आल्यासारखी, आणि…
>
> अगं, वाच तरी. ताई, वाचून सही कर. मागच्या पानावर पण लिहिलंय. … एवढ्या पटापट काय करतेस? भांड ना! पेन्सिलीवरनं हात पिरगळायचीस माझा. आता पिरगळ. … दे तो पेन इकडे. दे म्हणतो ना!
>
> … उद्या साडेअकराला निबंधकाच्या कचेरीत यावं लागेल तुला. सह्या केल्यास तरी यावं लागतंच. … नाही आलीस तर… ऐकतेस का? उद्या नाही आलीस, तरी मी काही म्हणणार नाही.

वडील गेले असं यात कुणीच म्हणत नाही. कागद पुढे आला की ऐकणाऱ्याला ते आपोआप कळतं, आणि त्यानं स्वतः जोडलेली गोष्ट त्याला जास्त धरून ठेवते. पात्र चांगलं की वाईट याचा निकालही मजकूर देत नाही. भाऊ लबाडी करतो आहे, दमला आहे आणि त्याला बहीणही हवी आहे. हे तिन्ही खेळायला तुम्हाला मिळतात.

डावपेच मोजून बघा. लाडीगोडी, मग कागदाला किरकोळ ठरवणं, मग काकांवर ढकलणं, मग आपले कष्ट मोजून दाखवणं, मग घाबरणं, शेवटी पळवाट देणं. तुमच्या मजकुराच्या समासात प्रत्येक दोन-तीन ओळींपुढे असं एकेक क्रियापद लिहा: पटवतो, टोमणा मारतो, लपवतो, विनवतो. पानभर एकच क्रियापद, समजा ‘रडतो’, येत राहिलं तर सुराचा सराव करून काही हाती लागणार नाही. मजकूर बदला.

लांबीचं बघा. वरचा तुकडा दोनशे शब्दांच्याही आत आहे. कागदावर दोन मिनिटांसाठी तो लहान वाटतो, पण बहिणीच्या उत्तरांसाठी लागणारे थांबे धरले की वेळ भरतो. मुलं बहुतेकदा तीनशेच्या वर शब्द लिहून आणतात, घरी बसून भराभर वाचतात आणि दोन मिनिटांत बसलं म्हणून खूश होतात. परीक्षेच्या खोलीत थांबे गिळले जातात आणि सगळं पाठांतरासारखं ऐकू येतं. उभं राहून, पूर्ण आवाजात, थांब्यांसकट घड्याळ लावा आणि मर्यादेच्या दहा-पंधरा सेकंद अलीकडे संपेल असं करा. कापताना आधी विशेषणं आणि आठवणींची माहिती काढा. माझ्या पहिल्या खर्ड्यात दुकान कसलं, कर्ज किती, हे सगळं होतं. ते गेलं तरी काही बिघडलं नाही. पेन्सिलीची आठवण मात्र ठेवली, कारण तिचा तो शस्त्रासारखा उपयोग करतो.

एक सवय आवर्जून टाळा. समोरचा काय बोलला हे परीक्षकांना कळावं म्हणून मुलं त्याचं बोलणं पुन्हा म्हणतात: ‘काय म्हणालीस? मी स्वार्थी आहे?’ अशी दोन वाक्यं आली की समोर कुणी नाही हे उघडं पडतं. ‘तसं बघू नकोस’ एवढंच पुरतं, कारण तिचं बघणं तुम्ही बघता तेव्हा ते आम्हालाही दिसतं. फोनवरचं स्वगतही मी सहसा सुचवत नाही. हात कानाशी अडकतो, नजर कुठेच टिकत नाही आणि समोरच्याच्या जवळ जाणं किंवा मागे हटणं बंद होतं.

बहिणीला जागा द्या. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून तिच्याशी बोलू नका. त्यांना टिपणं घ्यायची असतात, त्यांना पात्र करून ठेवलं की ते अवघडतात. त्यांच्या डोक्यांच्या किंचित वर किंवा बाजूला एक बिंदू ठरवा. ती खाली बसून पोळ्या लाटते आहे, तर नजर खाली जाईल. तिथे मात्र सांभाळा, दोन मिनिटं मान खाली राहिली तर चेहरा दिसणार नाही. म्हणूनच वेगळ्या मांडणीत ती ओट्याशी उभी केलेली बरी. कागद खरे आणायची गरज नाही. आणलेच तर एकच घडी घातलेला कागद पुरे.

भाषा तुमच्या घरची वापरा. मी वर प्रमाण बोलीच्या जवळपास ठेवली आहे. तुमच्याकडे ताईला आक्का म्हणत असतील, क्रियापदं वेगळी होत असतील, तर तसंच लिहा. मात्र जी बोली तुम्ही रोज बोलत नाही ती निव्वळ रंग भरायला घेऊ नका. पात्राचं वयही तुमच्या वयाच्या आसपास ठेवा.

आणि शेवटी, मजकूर ताणून बघा. परीक्षक मध्येच थांबवतात आणि सांगतात, ‘आता हेच हसत हसत करा’ किंवा ‘शेजारच्या खोलीत आई झोपली आहे असं समजून करा’. घरी कुणाला तरी समोर बसवून अशा सूचना द्यायला सांगा. आई झोपली आहे म्हटल्यावर ‘दे म्हणतो ना!’ कुजबुजत म्हणावं लागेल, आणि ते ओरडण्यापेक्षा भारी निघू शकतं. एखादी ओळ फक्त एकाच पद्धतीनं म्हणता येत असेल, तर ती ओळ पुन्हा लिहा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र शब्दांना हात लावू नका. खोलीत गोंधळ उडाला की तोंडात जुना आणि नवा खर्डा एकत्र येतो.