स्ट्रोक मोजून घसारा: फ्लाय ॲश विटांच्या मशीनचा हिशोब

प्रश्न: हिंगणा रोडला आमचं फ्लाय ॲश विटांचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. हायड्रॉलिक मशीन साच्याशिवाय 25,20,000 ला पडली, साचा वेगळा 1,50,000. एका स्ट्रोकला 8 विटा निघतात. पावसाळ्यात मशीन जवळपास बंदच असते, तरी दर महिन्याला सारखाच घसारा पडतो आणि जुलैची वीट कागदावर महाग दिसते. मशीन चालेल तितकाच घसारा लावता येतो का, आणि लावायचा कसा?

उत्तर:

लावता येतो, भाऊ, आणि तुमच्या मशीनला हीच पद्धत शोभते. कंपनी कायदा 2013 च्या अनुसूची 2 मध्ये उपयुक्त आयुष्याची व्याख्याच दोन प्रकारे दिली आहे: मालमत्ता किती काळ वापरता येईल तो काळ, किंवा तिच्यातून किती उत्पादन निघेल तो आकडा. लेखामानक 10 मध्येही सरळ रेषा आणि घटत्या बाकीच्या पद्धतीसोबत उत्पादनावर आधारित पद्धत दिलेली आहे. उत्पादन शून्य असेल तेव्हा या पद्धतीत घसाराही शून्य असू शकतो, असं ते मानक स्पष्ट म्हणतं.

पहिला निर्णय म्हणजे मोजायचं काय. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण ते विकलेल्या किंवा चांगल्या निघालेल्या विटा धरतात. मशीन झिजते ती दाबाने आणि राखेच्या घासण्याने. कोराडी-खापरखेड्याची राख आणि त्यात मिसळलेला दगडाचा चुरा साच्याच्या भिंती, गाईड रॉडचे बुश आणि सिलिंडरच्या सील घासत जातो. वीट पुढे तुटली, कच्ची निघाली किंवा यार्डातच पडून राहिली, तरी त्या दाबाची झीज झालेली असते. शिवाय उद्या साचा बदलून तुम्ही मोठे ठोकळे काढले, तर एका स्ट्रोकला 8 च्या जागी 4 नग निघतील आणि नगावर बांधलेला दर एका दिवसात खोटा ठरेल. म्हणून एकक धरा स्ट्रोक. विक्रीची रक्कम तर आधार म्हणून चालतच नाही. भाव वाढला म्हणून मशीन जास्त झिजत नाही, आणि मानकालाही ते मान्य नाही.

दुसरा निर्णय एकूण किती स्ट्रोक धरायचे हा. मशीन विकणारा तोंडी जो आकडा सांगतो तो विक्रीचा आकडा असतो. त्याच्याकडून लेखी घ्या, किती टनांच्या दाबावर आणि कोणत्या मिश्रणावर तो आकडा दिला आहे हे विचारा, आणि एखाद्या मेकॅनिकल इंजिनिअरकडून तुमच्या मिश्रणासाठी तपासून घ्या. हा कागद फाईलला लागतोच. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला अनुसूचीत 15 वर्षं दिली आहेत. त्यापेक्षा वेगळं आयुष्य धरलं तर ताळेबंदाच्या टिपांमध्ये ते उघड करावं लागतं आणि तांत्रिक सल्ल्याचा आधार दाखवावा लागतो. भंगार किंमत मूळ किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त धरली तर तिलाही तसंच समर्थन हवं.

आता तुमच्या आकड्यांवर मांडतो. स्ट्रोकचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. किमतीत वाहतुकीचं भाडं, पाया आणि उभारणी धरलेली आहे ना, हे बघून घ्या. ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं तो किमतीत येत नाही. मशीन 25,20,000, भंगार किंमत 1,20,000, म्हणजे घसाऱ्यायोग्य रक्कम 24,00,000. आयुष्य 20,00,000 स्ट्रोक. दर बसतो स्ट्रोकला 1 रुपया 20 पैसे.

साचा यात मिसळू नका. तो मशीनच्या आधी कितीतरी वेळा संपणार, आणि आयुष्य वेगळं असलेला मोठा भाग वेगळा धरायचा असं कायदाही सांगतो. साचा 1,50,000, भंगार 6,000, आयुष्य 3,00,000 स्ट्रोक धरलं तर दर 48 पैसे. साच्यातल्या लायनर प्लेटा त्याहून लवकर बदलाव्या लागतात. त्या वर्षाच्या आतच संपत असतील तर त्यांना मालमत्ता करू नका, दुरुस्ती खर्चात टाका.

समजा मशीन ऑक्टोबरात तयार झाली आणि मार्चअखेर 1,10,000 स्ट्रोक झाले. मशीनचा घसारा 1,32,000, साच्याचा 52,800. इथे एक बारीक गोष्ट आहे. चाचणीचे स्ट्रोक काउंटरवर आधीच चढलेले असतात. मशीन वापरायला तयार झाली त्या दिवशीचं रीडिंग लिहून ठेवा आणि मोजणी तिथून सुरू करा.

तुमच्या जुलैच्या तक्रारीचं उत्तर या तुलनेत दिसेल. हीच मशीन 8 वर्षांच्या सरळ रेषेने घेतली तर महिन्याला 25,000 घसारा पडतो. जुलैत 6,000 स्ट्रोक झाले, म्हणजे 48,000 विटा, तर वीटमागे साधारण 52 पैसे. फेब्रुवारीत 25,000 स्ट्रोक, म्हणजे 2,00,000 विटा, तर साडेबारा पैसे. स्ट्रोकच्या पद्धतीने जुलैचा घसारा 7,200 आणि फेब्रुवारीचा 30,000, आणि दोन्ही महिन्यांत वीटमागे 15 पैसेच. दर सांगताना किंवा ठेकेदाराच्या मोठ्या ऑर्डरवर भाव देताना या 15 पैशांवर भरवसा ठेवता येतो. तुटफूट धरून चांगल्या विटेवर तो किंचित वाढेल, तो हिशोब खर्चाच्या तक्त्यात करा, घसाऱ्याच्या दरात नाही. दुसरी शिफ्ट सुरू केलीत तर स्ट्रोक आपोआप वाढतात, त्यामुळे जादा शिफ्टचा वेगळा वाढीव घसारा लावायचा प्रश्न इथे येत नाही.

दर महिन्याचा आकडा काढायला एक्सेलमध्ये एक ओळ पुरते. B2 मध्ये महिन्याचे स्ट्रोक, C2 मध्ये आधीपर्यंतचा एकूण घसारा:

```
=MAX(0,MIN(B2*1.2,2400000-C2))
```

MIN ठेवणं गरजेचं आहे. मशीन 20 लाखांच्या पुढेही चालली तर त्याशिवाय पुस्तकी किंमत भंगार किमतीच्या खाली उतरते.

अंदाज चुकतो तेव्हा काय करायचं, हे आता नीट बघा, कारण या पद्धतीत खरं काम तेच आहे. दुसऱ्या वर्षी साचा 3,00,000 ऐवजी 2,80,000 स्ट्रोकलाच उतरवावा लागला असं धरा. तो संपल्याचं विटेवरच कळतं: कडेला पातळ पापुद्रा निघतो, कॅलिपरने माप घेतलं तर वीट रुंदीत वाढलेली भरते, आणि मिश्रण फटीतून खाली सांडतं. तोवर घसारा झाला 1,34,400, पुस्तकात उरले 15,600, भंगारात आले 6,000. फरकाचे 9,600 तोटा म्हणून त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात जातात. ते नव्या साच्याच्या किमतीत ढकलू नका. नव्या साच्याचं आयुष्य मात्र 2,80,000 धरा, तीच किंमत असेल तर दर साधारण 51 पैसे होईल.

मशीनचं तसं नाही, तिथे ती चालू असतानाच आयुष्याचा अंदाज बदलतो. तीन वर्षांत 6,00,000 स्ट्रोक झाले, 7,20,000 घसारा गेला, पुस्तकी किंमत 18,00,000 राहिली. गाईड रॉडचा खेळ अपेक्षेपेक्षा लवकर वाढला म्हणून इंजिनिअरने एकूण आयुष्य 20 लाखांवरून 16 लाखांवर आणलं. मागचे हिशोब उघडायचे नाहीत. उरलेली घसाऱ्यायोग्य रक्कम 18,00,000 वजा 1,20,000, म्हणजे 16,80,000. ती उरलेल्या 10,00,000 स्ट्रोकवर वाटा. नवा दर 1 रुपया 68 पैसे, पुढे हाच. ही तपासणी दर आर्थिक वर्षाअखेर करायची असते. पाच-सहा वर्षं कुणी बघितलंच नाही तर शेवटी एकदम मोठा तोटा अंगावर येतो.

काउंटरवर डोळे झाकून विसंबू नका. पीएलसी बदलला की आकडा शून्यावर जातो, आणि काही मशीन रिकामे स्ट्रोकही मोजतात. पडताळणी सोपी आहे. पॅन मिक्सरचे घाणे गुणिले घाण्यामागे निघणाऱ्या विटा, भागिले 8, हा आकडा काउंटरच्या दोन-तीन टक्क्यांत बसायला हवा. फरक जास्त आला तर सिमेंटच्या गोण्यांचा खप बघा, चूक कुठे आहे ते तिथे कळतं.

पद्धतीची मर्यादाही सांगतो. झीज फक्त चालण्याने होत असेल तरच ती खरी. राख आणि चुन्याचा ओला थर पावसाळाभर साच्यावर बसला तर गंज लागतो, आणि उभ्या मशीनच्या सीलही कडक होतात. दोन-तीन महिने बंद ठेवताना मशीन धुऊन, ग्रीस लावून, झाकून ठेवत असाल तर शून्याच्या जवळचा घसारा ठीक आहे. पण युनिट वर्षभर बंद राहिलं आणि तुम्ही घसारा शून्य दाखवला, तर पुस्तकात मशीन जशीच्या तशी आणि बाजारात तिची किंमत पडलेली, असं होतं. तेव्हा लेखामानक 28 प्रमाणे मूल्यघट तपासावी लागते. शेड, कंपाउंड, ऑफिसचा संगणक यांना ही पद्धत लावू नका, त्यांचं आयुष्य काळानेच संपतं. आणि ज्या वर्षी बँकेला नफा दाखवायचा असेल त्याच वर्षी पद्धत बदलू नका. पद्धत बदलायला वापराच्या स्वरूपातला खरा बदल लागतो, आणि ऑडिटर पहिला प्रश्न तोच विचारेल.

आयकरात हे काही चालत नाही. तिथे मशीन 15 टक्क्यांच्या गटात घटत्या बाकीनेच जाते, आणि खरेदीच्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्माच दर मिळतो. वरच्या उदाहरणात मशीन ऑक्टोबरात तयार झाली. 3 ऑक्टोबरनंतर वापरात आली असेल तर 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरत नाहीत, आणि पहिल्या वर्षी साडेसात टक्केच. त्यामुळे पुस्तकाचा आणि आयकराचा असे दोन तक्ते ठेवा आणि दोन्हींतल्या फरकावर आस्थगित कर तुमच्या सीएकडून बसवून घ्या.

31 मार्चला एवढं करा: शेवटची शिफ्ट संपल्यावर काउंटरच्या पडद्याचा तारखेसह फोटो काढा, त्याच वेळी यार्डातल्या न विकलेल्या विटा मोजा. त्या विटांच्या वाट्याचा घसारा शिलकी मालाच्या किमतीत धरायचा असतो, म्हणून दोन्ही आकडे एकाच वेळचे हवेत.