भाताच्या दाण्यातला मुक्काम

प्रश्न: मेल्यावर आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात नेमका जातो कसा?

उत्तर: जुने कपडे टाकण्याची गीतेतली उपमा सगळ्यांना पाठ असते. मला बृहदारण्यक उपनिषदातली अळी जास्त पटते: गवताच्या पात्याच्या टोकाशी आली की ती आधी पुढचा आधार धरते, मग अंग ओढून घेते. अद्वैत वेदान्तानुसार सर्वव्यापी आत्मा कुठे जातच नाही. फिरतं ते मन, बुद्धी, प्राण आणि संस्कारांचं सूक्ष्म शरीर.

यज्ञ-दान करणाऱ्यांची परतीची वाट छांदोग्य उपनिषदात आहे. चंद्रलोकातून ढगात, पावसाबरोबर खाली, मग भात, जव, तीळ. इथून सुटणं फार कठीण, असं उपनिषदच म्हणतं. कारण तो दाणा कुणीतरी खायला हवा, तेव्हाच वीर्यावाटे गर्भात प्रवेश.